तांबडी की पांढरी, हे कोण ठरवतं?

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी तीन आकडे शोधते: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. तिन्हींची कामं वेगळी आणि आयुष्यंही वेगळी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात शिरल्यावर जेमतेम दिवसभर टिकते. तरीही या सगळ्या पेशी एकाच कुळातल्या. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये, असलेल्या रक्ताच्या मूळपेशी हे त्यांचं उगमस्थान. धडधाकट प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि त्याच वेळी न्यूट्रोफिल आणि प्लेटलेटही पुरवते.

मागणी मात्र तिन्हींची एकदम वाढत नाही. माणूस लेहसारख्या उंचीवर राहायला गेला तर त्याला तांबड्या पेशी जास्त लागतात, न्यूमोनिया झाला तर न्यूट्रोफिल. मज्जा ही मागणी बरोबर ओळखते आणि हवा तोच माल वाढवते. मग प्रश्न पडतो तो असा. जी पेशी अजून तांबडीही होऊ शकते आणि पांढरीही, तिला एक वाट कोण धरायला लावतं? बाहेरून आलेलं हार्मोन तिला हुकूम देतं, की पेशी आपल्या आपणच ठरवते आणि हार्मोन फक्त तिला जगवतं? या एका प्रश्नावर शास्त्रज्ञ साठ वर्षं वाद घालत आहेत. त्याचं उत्तर प्रत्येक हार्मोनसाठी वेगळं निघालं, आणि त्या उत्तरांचा आज वॉर्डात प्रत्यक्ष उपयोग होतो.

गोष्ट सुरू होते कॅनडातल्या टोरांटोमध्ये, १९६१ साली. जेम्स टिल हे भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्रात आलेले, अर्नेस्ट मॅक्युलॉक हे डॉक्टर. किरणोत्सर्गाने मज्जेचं किती नुकसान होतं हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी उंदरांना इतके किरण दिले की त्यांची स्वतःची मज्जा मरून जावी, आणि मग दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या मोजून घेतलेल्या पेशी शिरेतून टोचल्या. दहा-अकरा दिवसांनी, एका रविवारी, मॅक्युलॉकनी ते उंदीर तपासले तेव्हा त्यांच्या प्लीहेवर, म्हणजे पानथरीवर, नुसत्या डोळ्यांनी दिसतील अशा गाठी होत्या. टोचलेल्या दर दहा हजार पेशींमागे साधारण एक गाठ. जास्त पेशी टोचल्या तर गाठीही त्याच प्रमाणात जास्त.

गाठी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर खरी गंमत कळली. काही गाठींत तांबड्या पेशींची पिल्लं, पांढऱ्या पेशींची पिल्लं आणि प्लेटलेट बनवणाऱ्या अगडबंब पेशी एकत्र नांदत होत्या. ही सगळी मंडळी खरंच एकाच पेशीपासून झाली, की शेजारी रुजलेल्या दोन-तीन पेशींची ती सरमिसळ होती? अँड्र्यू बेकर या विद्यार्थ्याने १९६३ मध्ये याचा निकाल लावला. किरणांमुळे गुणसूत्रं तुटतात आणि वेडीवाकडी जुळतात, आणि प्रत्येक पेशीतली ही मोडतोड तिची एकटीची असते. बेकरने दाखवून दिलं की एका गाठीतल्या पेशींत तीच ती मोडतोड आढळते. म्हणजे तिन्ही जातींची जननी एकच.

१९६४ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट पाहिली, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची होती. एका गाठीत नव्या गाठी निर्माण करू शकणाऱ्या पेशी किती आहेत, हे त्यांनी मोजलं. एका गाठीत त्या शेकड्यांनी, तर शेजारच्या गाठीत जवळपास एकही नाही. सगळ्या गाठी एकाच प्रकारच्या पेशींपासून, एकाच उंदरात, तितक्याच दिवसांत वाढलेल्या. तरी फरक इतका. त्यांनी निष्कर्ष काढला की आपल्यासारखीच मूळपेशी घडवायची की एखादी वाट धरून पुढे जायचं, हे प्रत्येक विभाजनाच्या वेळी नशिबावर सोडलेलं असतं. शरीर फक्त शक्यता कमीजास्त करतं, एकेका पेशीला हुकूम देत नाही. वादाची ठिणगी इथे पडली.

पुढे कळलं की प्लीहेवरच्या बहुतेक गाठी खऱ्या मूळपेशींच्या नव्हत्याच. त्या एक-दोन पायऱ्या खाली उतरलेल्या पूर्वज पेशींच्या होत्या. खरी मूळपेशी फार दुर्मीळ असते आणि बहुतेक काळ झोपलेली असते. उंदरात सर्वांत सुस्त मूळपेशी सुमारे १४५ दिवसांतून एकदा दुभंगते असा हिशेब निघाला आहे. १९९६ मध्ये जपानमध्ये हिरोमित्सु नाकाउची यांच्या गटाने उंदराच्या मज्जेतून निवडून काढलेली एकच पेशी एकेका किरण दिलेल्या उंदराला टोचली. सुमारे पाचातल्या एका उंदरात त्या एकट्या पेशीने दीर्घकाळ टिकणारं सगळं रक्त उभं केलं. माणसाच्या बाबतीत, एका प्रौढ माणसाच्या रक्तपेशींतल्या जनुकीय बदलांचा माग काढून २०१८ मध्ये अंदाज बांधला गेला तो असा: कोणत्याही वेळी रक्तनिर्मितीला हातभार लावणाऱ्या मूळपेशी सुमारे ५० हजार ते २ लाख. सेकंदाला लाखोंनी पेशी लागतात, त्या मूळपेशी थेट बनवत नाहीत. त्यांच्याखाली पूर्वज पेशींची उतरंड असते आणि वाढीचा खरा गुणाकार तिथे होतो. वर झोप आणि जपणूक, खाली धावपळ. मूळपेशी जितकी कमी वेळा दुभंगेल तितक्या तिच्या जनुकांत चुका कमी साचतात.

ही उतरंड पाठ्यपुस्तकात कशी काढतात ते एकदा पाहून ठेवू. सर्वांत वर मूळपेशी. तिच्याखाली अजून सगळं काही होऊ शकणाऱ्या, पण स्वतःला कायमचं टिकवू न शकणाऱ्या पेशी. मग पहिला मोठा फाटा. एका बाजूला लिम्फॉइड शाखेची सामायिक पूर्वज, जिच्यापासून टी आणि बी पेशी होतात. दुसऱ्या बाजूला मायलॉइड शाखेची सामायिक पूर्वज. ही पुन्हा दोन वाटांनी फुटते. एक वाट तांबड्या पेशी आणि प्लेटलेटची, दुसरी न्यूट्रोफिल आणि मोनोसाइटची. मोनोसाइट रक्तातून ऊतींमध्ये गेली की तिची मॅक्रोफेज होते, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी. या सामायिक पूर्वज स्टॅनफर्डमध्ये अर्व्हिंग वाइसमन यांच्या प्रयोगशाळेने वेगळ्या काढल्या, लिम्फॉइड १९९७ मध्ये आणि मायलॉइड २००० मध्ये. पेशीच्या अंगावरची प्रथिनं ही तिची ओळखपट्टी. त्या प्रथिनांना चिकटणारे रंगीत प्रतिपिंड लावायचे आणि लेसरसमोरून एकेक पेशी सोडत यंत्राने त्यांची वाटणी करायची, अशी ती पद्धत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र एकेका पेशीतली जनुकं तपासता येऊ लागली आणि या सुबक आकृतीला धक्का बसला. ‘मायलॉइड सामायिक पूर्वज’ असं लेबल लावलेल्या पिशवीतल्या बऱ्याच पेशींनी आपली वाट आधीच धरलेली असते, हे दिसू लागलं. प्रौढ माणसाच्या मज्जेत दोन्ही दिशांना मोकळ्या असलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघाल्या. आपल्या प्रश्नासाठी हा इशाराच आहे. एखादं हार्मोन अशा पिशवीवर टाकलं आणि फक्त न्यूट्रोफिल निघाल्या, तर हार्मोनने हुकूम दिला असं म्हणता येत नाही. कदाचित न्यूट्रोफिलच्या वाटेवर असलेल्या पेशीच तेवढ्या जगल्या आणि बाकीच्या गुपचूप मेल्या. दोन्ही प्रसंगांत बशीत शेवटी दिसणार तेच.

आता पहिलं हार्मोन: एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ. हे मुख्यतः मूत्रपिंडात बनतं. मूत्रपिंडातल्या काही पेशींना ऑक्सिजन कमी पडू लागला की त्या ते जास्त बनवतात, आणि तीव्र रक्तक्षयात रक्तातलं ईपीओ हजारपटीपर्यंतही चढू शकतं. ते शुद्ध स्वरूपात मिळवायला शिकागोच्या युजीन गोल्डवासर यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. शेवटी जपानमधल्या कुमामोतोचे ताकाजी मियाके यांनी त्यांना रुग्णांच्या लघवीपासून केलेला कोरडा अर्क दिला. मूळ लघवी होती २,५५० लिटर आणि ती सगळी अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची. ही निवड विचारपूर्वक होती. या आजारात मज्जा जवळजवळ रिकामी होते. रक्त कमी म्हणून मूत्रपिंड ईपीओ ओतत राहतं, पण ते उचलायला मज्जेत पेशीच नसतात, म्हणून ते लघवीत उतरतं. १९७७ मध्ये त्यातून हाती लागलं ते अवघे काही मिलिग्रॅम शुद्ध ईपीओ. पुढे १९८५ मध्ये त्याचं जनुक वेगळं करण्यात यश आलं आणि औषध म्हणून ते हवं तितकं बनवता येऊ लागलं.

ईपीओ तांबड्या पेशी वाढवतं, म्हणजे ते पूर्वज पेशींना ‘तांबड्या व्हा’ असं सांगत असणार, हा सरळ अंदाज. १९९५ मध्ये तो चुकीचा ठरला. उंदरांतून ईपीओचं किंवा ते पकडणाऱ्या ग्राहीचं जनुक काढून टाकलं, तेव्हा ही पिल्लं तेराव्या दिवसाच्या आसपास गर्भातच रक्ताअभावी दगावली. पण त्यांच्या यकृतात (गर्भात रक्त तिथे बनतं) तांबड्या वाटेवरच्या पूर्वज पेशी होत्या. पहिल्या टप्प्यातल्याही होत्या आणि पुढच्या टप्प्यातल्याही. ईपीओचा थेंबही नसताना पेशींनी तांबडी वाट धरली होती, फक्त ती पूर्ण करता आली नव्हती.

ईपीओ नेमकं काय करतं हे त्याआधी, १९९० मध्ये, मार्क कौरी आणि मॉरिस बाँड्युरंट यांनी दाखवलं होतं. तांबड्या वाटेवरची पूर्वज पेशी एका टप्प्याला पोचली की तिच्या अंगावर ईपीओचे सुमारे हजार ग्राही उगवतात. याच टप्प्यात तिच्यात आत्मनाशाची यंत्रणा सुरू होण्याच्या बेतात असते. ईपीओ मिळालं तर ती थांबते आणि पेशी पुढे दुभंगत जाऊन तांबड्या पेशी बनवते. नाही मिळालं तर ती काही तासांत मरते. नेहमीच्या दिवसांत ईपीओ बेताचंच असल्यामुळे बऱ्याचशा पूर्वज पेशी अशा मरतच असतात. पेरणी झालेल्या शेतात रोपं आधीच उगवलेली असावीत आणि पाटाचं पाणी जिथवर पोचेल तिथलीच तगावीत, तसं हे आहे. पाण्याने काय पेरलं ते ठरत नाही, किती पीक हाती लागणार ते ठरतं. शरीराच्या दृष्टीने ही व्यवस्था फार चपळ आहे. रक्तस्राव झाला तर नव्याने पूर्वज पेशी घडवत बसायला नको, मरणाऱ्या वाचवल्या की काम झालं.

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या बाबतीत हे अगदी जवळून पाहता येतं. मूत्रपिंड निकामी म्हणजे ईपीओ कमी, म्हणून हिमोग्लोबिन आठ-साडेआठपर्यंत उतरतं. ईपीओची इंजेक्शनं सुरू केली की आधी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच मज्जेतून बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, वाढतात. त्याला काही दिवस ते आठवडाभर लागतो. हिमोग्लोबिन चढायला मात्र काही आठवडे जातात. चढलं नाही तर डॉक्टर आधी लोह तपासतात, कारण वाचवलेल्या पेशींना हिमोग्लोबिन भरायला लोह लागतं आणि तेच नसेल तर ईपीओचा डोस वाढवून फरक पडत नाही.

१९९० च्या दशकाच्या शेवटी युरोपात काही रुग्णांमध्ये वेगळंच घडलं. महिनोन्‌महिने ईपीओ चांगलं लागू पडत होतं, आणि अचानक ते निष्प्रभ झालं. इतकंच नाही, डोस वाढवला तरी हिमोग्लोबिन आठवड्याला सुमारे एक ग्रॅमने घसरू लागलं. हा घसरणीचा वेगच निदान सांगतो. डायलिसिसच्या रुग्णात तांबडी पेशी साधारण सत्तर दिवसांच्या आसपास जगते, म्हणजे रोज सत्तरातली एक जुनी होऊन जाते. हिमोग्लोबिन अकरा असेल आणि नवी एकही पेशी तयार होत नसेल, तर आठवड्यात जवळपास एक ग्रॅम कमी होणारच. म्हणजे उत्पादन मंदावलं नव्हतं, ठप्प झालं होतं. रेटिक्युलोसाइट जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मात्र ठीक. मज्जेचा नमुना काढला तर बाकी सगळं जागेवर आणि तांबड्यांच्या पिल्लांची रांग तेवढी गायब.

निकोल कॅसाडेवाल यांच्या फ्रेंच गटाने २००२ मध्ये असे १३ रुग्ण एकत्र मांडले. या रुग्णांच्या शरीराने टोचलेल्या ईपीओविरुद्ध प्रतिपिंड तयार केले होते आणि ते शरीराचं स्वतःचं उरलंसुरलं ईपीओही निकामी करत होते. या रुग्णांचा रक्तद्रव निरोगी मज्जेच्या पेशींवर घातला की बशीत तांबड्या वसाहती उगवत नसत, आणि भरपूर ईपीओ घातलं की पुन्हा उगवत. त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या एका विशिष्ट घडणीच्या औषधाशी याचा दाट संबंध दिसला. टोचण्याची पद्धत आणि औषधाची हाताळणी बदलल्यावर असे रुग्ण झपाट्याने कमी झाले. ज्यांना हा त्रास झाला त्यांचं ईपीओ तात्काळ बंद करावं लागलं, रक्त चढवावं लागलं, आणि प्रतिपिंड दाबणारी औषधं दिल्यावर पुष्कळांची मज्जा पुन्हा चालू झाली. पण मला यात विशेष वाटतं ते हे: उंदरांच्या जनुकांत फेरफार करून जे दाखवलं गेलं, तेच इथे माणसांत दुर्दैवाने आपोआप घडलं. ईपीओ पूर्ण गेलं तर एकच रांग रिकामी होते. तिच्या पेशी दुसऱ्या वाटेला वळत नाहीत, पांढऱ्या पेशींची संख्या त्यामुळे वाढत नाही. ईपीओ जर फाट्यावर उभं राहून वाट दाखवत असतं, तर असं झालं नसतं.

मग सगळीच हार्मोनं नुसती जगवणारी का? ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डॉनल्ड मेटकाफ यांनी जवळजवळ सगळं आयुष्य या प्रश्नावर घालवलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर रे ब्रॅडली यांच्यासोबत त्यांनी मज्जेच्या पेशी पातळ अगारमध्ये वाढवायला सुरुवात केली. अगार पेशीला जागच्या जागी धरून ठेवतं, त्यामुळे एका पेशीची संतती एका ठिकाणी वसाहत करून राहते आणि मोजता येते. अशा वसाहती उगवायला काही प्रथिनं अनिवार्य असतात हे त्यांना दिसलं आणि तीच पुढे एकामागून एक शुद्ध झाली. त्यांपैकी दोन आपल्या कामाची आहेत. न्यूट्रोफिल वाढवणारं जी-सीएसएफ आणि मॅक्रोफेज वाढवणारं एम-सीएसएफ. जी-सीएसएफ तर आज केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना सर्रास दिलं जातं. केमोनंतर आठवडा-दहा दिवसांनी न्यूट्रोफिल तळाला जातात, आणि हे इंजेक्शन त्या पोकळीचे दिवस कमी करतं.

न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांच्या फाट्यावरची सामायिक पूर्वज घ्या. तिला एकट्या जी-सीएसएफमध्ये वाढवलं तर न्यूट्रोफिल मिळतात, एकट्या एम-सीएसएफमध्ये मोनोसाइट आणि मॅक्रोफेज. पण वर म्हटलेला संशय इथेही आहेच. हुकूम की वेचणी? हे सोडवायचा एकच प्रामाणिक मार्ग होता: मेलेल्या पेशी मोजणं. आणि त्यासाठी प्रत्येक पेशीवर डोळा ठेवायला हवा.

म्युनिकमध्ये टिम श्रोडर आणि मिखाएल रीगर यांनी ते केलं आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी उंदरांतल्या या पूर्वज पेशी बशीत ठेवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांच्या अंतराने सतत छायाचित्रं घेतली आणि दिवसेंदिवस एकेका पेशीचा वंशवेल हाताने नोंदवला. ही कोण, हिची मुलगी कोण, ती कधी दुभंगली, कोणती मेली. वेचणी होत असती तर जी-सीएसएफच्या बशीत मॅक्रोफेजच्या वाटेवरच्या पेशी मरताना दिसायला हव्या होत्या. तशा त्या दिसल्या नाहीत. अनेक वंशवेलींत एकही पेशी दगावली नव्हती, तरी सगळी संतती एकाच जातीची होती. एम-सीएसएफच्या बशीतही तेच, फक्त जात दुसरी. म्हणजे या फाट्यावर हार्मोन खरोखर वाट ठरवतं. इतक्या कष्टाने एखाद्या जुन्या वादाचा एक तुकडा इतका स्वच्छ सुटल्याची उदाहरणं फार नाहीत, असं मला वाटतं.

पेशीच्या आत हे कसं घडतं, याचं मोठं आवडतं चित्र असं होतं: गाटा-१ हे प्रथिन तांबड्या वाटेची जनुकं चालू करतं, पीयू.१ हे पांढऱ्या वाटेची. दोघं एकमेकांना दाबतात. समान असतील तोवर पेशी फाट्यावर थांबते, आणि योगायोगाने किंवा हार्मोनमुळे एकाचं पारडं जड झालं की दुसरं दबून जातं. गाटा-१ बाहेरून जबरदस्तीने घातलं तर पांढऱ्या वाटेवरची पेशी मागे वळू शकते, हेही दिसलं आहे. पण २०१६ मध्ये श्रोडर यांच्याच गटाने दोन्ही प्रथिनांना चमकणाऱ्या खुणा जोडून जिवंत मूळपेशींत त्यांची पातळी मोजली. दोन्ही समसमान असून मग एकाची सरशी होते, असं कुठेच दिसलं नाही. वाट धरल्यानंतर ही प्रथिनं ती पक्की करतात एवढं नक्की, पण पहिला कौल ती देत नसावीत. पाठ्यपुस्तकांतून ते जुनं चित्र अजून गेलेलं नाही.

आता तिसरं हार्मोन, थ्रॉम्बोपोएटिन. ते मुख्यतः यकृतात बनतं आणि १९९४ मध्ये त्याचं जनुक एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांच्या हाती लागलं. काम ठरलेलं वाटत होतं: प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी वाढवणं. मग त्याचा ग्राही जन्मतःच बिघडलेल्या मुलांचं काय होतं ते पाहा. बाळ जन्माला येतं तेव्हा प्लेटलेट अगदी कमी, अंगावर रक्ताचे बारीक ठिपके, पण हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक. इथवर ईपीओसारखीच गोष्ट, एक रांग रिकामी. पण पुढच्या काही वर्षांत हळूहळू बाकीचे आकडेही घसरू लागतात आणि मूल पूर्ण मज्जाक्षयाला पोचतं. मूळपेशी बदलणं, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हाच खात्रीचा उपाय उरतो.

कारण, उतरंडीच्या अगदी वर बसलेल्या मूळपेशीच्या अंगावरही थ्रॉम्बोपोएटिनचे ग्राही असतात. तिला शांत आणि जिवंत राहायला ते लागतं. खालच्या टोकाला प्लेटलेट वाढवणारं आणि वरच्या टोकाला मूळ जपणारं हार्मोन एकच. २०१३ मध्ये उंदरांत प्लेटलेटकडे झुकलेल्या मूळपेशींचा एक गटही सापडला, त्यामुळे या दोन टोकांतलं नातं अगदीच योगायोगाचं नसावं असं दिसतं.

हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी थ्रॉम्बोपोएटिनच्या ग्राहीला चालू करते आणि ती फक्त प्लेटलेट वाढवायला वापरली जात होती. नेहमीच्या उपचारांनी बरे न झालेल्या अप्लास्टिक ॲनिमियाच्या २५ रुग्णांना त्यांनी ती दिली आणि निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ११ रुग्णांत सुधारणा झाली. काहींच्या फक्त प्लेटलेट वाढल्या, पण काहींचं हिमोग्लोबिनही चढलं आणि न्यूट्रोफिलही वाढल्या. एका रांगेच्या औषधाने तिन्ही रांगा हलल्या, कारण औषध रांगेच्या उगमापाशी पोचलं होतं.

अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांत ईपीओ चढलेलं असतं हे आपण पाहिलं. थ्रॉम्बोपोएटिनही तसंच खूप चढलेलं असतं. मग बाहेरून आणखी धक्का देऊन फायदा कसा झाला? २०१९ मध्ये त्याचं एक पटणारं उत्तर मिळालं. या आजारात मज्जेवर हल्ला करणाऱ्या टी पेशी इंटरफेरॉन-गामा नावाचं प्रथिन सोडतात. ते थ्रॉम्बोपोएटिनला चिकटतं आणि ग्राहीशी त्याची गाठ नीट पडू देत नाही. हार्मोन भरपूर, पण हात बांधलेले. एल्ट्रोम्बोपॅग ग्राहीला वेगळ्याच जागी, पेशीच्या पटलाच्या आत शिरलेल्या भागात धरतं, म्हणून त्याला हा अडथळा येत नाही.

या उपचारात एक धोका आहे आणि तो उपचार कुठे पोचतो त्यातूनच येतो. मूळपेशींना जाग आणणारं औषध चांगल्या मूळपेशीला जागवतं, तसं जनुकीय दोष साचलेल्या एखाद्या मूळपेशीलाही पुढे जाऊ देऊ शकतं. पुढच्या पाहणीत, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३ रुग्णांच्या मालिकेत, आठ जणांच्या मज्जेत गुणसूत्रांचे नवे दोष दिसले. अप्लास्टिक ॲनिमियात असे दोष औषधाशिवायही उद्भवतात, त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. पण म्हणूनच या गोळीवर असलेल्या रुग्णाचे सीबीसीचे आकडे कितीही सुधारले तरी ठरावीक महिन्यांनी त्याची मज्जा काढून गुणसूत्रं तपासतात, आणि दोष सापडला तर औषध थांबवून ट्रान्सप्लांटचा विचार लगेच सुरू करतात.